उंच इमारतींतील विद्युत रायझर : बसडक्ट आणि केबल यांची निवड

विद्युत रायझर म्हणजे उंच इमारतीत तळमजल्यावरील मुख्य वीजफलकापासून वरच्या मजल्यांपर्यंत उभ्या शाफ्टमधून वीज नेणारी वाहिनी होय. ही वाहिनी दोन प्रकारे उभारतात. पहिल्या प्रकारात धातूच्या बंद पेटीत ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पट्ट्या बसविलेल्या असतात आणि तिच्यातून प्रत्येक मजल्यावर टॅप-ऑफ बॉक्सद्वारे वीज काढून घेतली जाते. हिला बसडक्ट, बसबार ट्रंकिंग किंवा रायझिंग मेन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात शाफ्टमधील ट्रेवर अनेक केबली बांधून प्रत्येक मजल्याला किंवा मजल्यांच्या गटाला स्वतंत्र केबल दिली जाते.

या दोहोंतील निवड बहुधा किंमत आणि जागा पाहून केली जाते. मात्र लघुपरिपथाच्या वेळी वाहिनीतून किती धारा वाहते आणि आगीच्या वेळी स्लॅबमधील भोक किती काळ बंद राहते, हे दोन प्रश्न अधिक निर्णायक आहेत. बसडक्ट आणि केबल या दोन्ही बाबतींत वेगवेगळ्या रीतीने वागतात.

## भारतातील नियम

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत उंच इमारत मानली जाते. अशा इमारतीत विद्युत केबलींसाठी स्वतंत्र शाफ्ट असावा आणि तो प्रत्येक मजल्यावर स्लॅबइतक्याच अग्निरोधक क्षमतेच्या द्रव्याने बंद करावा, असे संहितेत म्हटले आहे. पाण्याचे नळ, गॅसच्या नळ्या किंवा दूरध्वनीच्या तारा या शाफ्टमधून नेता येत नाहीत. २००५ च्या संहितेने केबलींऐवजी बसबार किंवा घन रायझिंग मेनला पसंती दिली होती. त्यामुळे बसडक्ट वापरणे सक्तीचे आहे असा समज काही ठिकाणी आढळतो. प्रत्यक्षात ती शिफारस होती.

बसडक्टची रचना आणि चाचणी आयईसी ६१४३९-६ या मानकानुसार होते. एक्सएलपीई निरोधनाच्या ११०० व्होल्टपर्यंतच्या केबलींसाठी आयएस ७०९८ भाग १ हे मानक आहे.

## दोषप्रवाह

दोन फेज एकमेकांना किंवा फेज न्यूट्रलला चुकून जोडले गेले, तर जी प्रचंड धारा वाहते तिला दोषप्रवाह म्हणतात. तिचे मान रोहित्राची क्षमता आणि रोहित्रापासून दोषाच्या जागेपर्यंतचा संरोध, म्हणजे इंपिडन्स, यांवर अवलंबून असते. भारतात इमारतींसाठी सामान्यपणे वापरल्या जाणाऱ्या १००० केव्हीए, ११/०.४३३ केव्ही रोहित्राचा संरोध ५ टक्के धरला, तर त्याची पूर्णभार धारा सुमारे १३३३ अँपिअर आणि अग्रांवरील दोषप्रवाह तिच्या २० पट, म्हणजे सुमारे २६.७ किलोअँपिअर येतो.

हा प्रवाह वाहिनीला दोन प्रकारे इजा करतो. पहिली इजा उष्णतेची. केबलीच्या बाबतीत ती पुढील सूत्राने तपासतात :

```
I²t ≤ k²S²
```

येथे I हा अँपिअरमधील दोषप्रवाह, t हा परिपथ-खंडकाने तो तोडण्यास घेतलेला वेळ सेकंदांत आणि S हे वाहकाचे चौरस मिलिमीटरमधील छेदक्षेत्र आहे. एक्सएलपीई निरोधनाच्या ॲल्युमिनियम केबलीसाठी k चे मूल्य ९४ घेतात. ९० अंश सेल्सिअसला चालू असलेली केबल दोषाच्या वेळी २५० अंशांपर्यंत जाऊ शकते, असे त्यामागचे गृहीतक आहे.

दुसरी इजा यांत्रिक बलाची. धारा वाहणाऱ्या दोन समांतर वाहकांत बल निर्माण होते आणि ते धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोषप्रवाहाचे पहिले शिखर त्याच्या परिणामी मूल्याहून बरेच उंच असते. २० ते ५० किलोअँपिअर या टप्प्यासाठी आयईसी ६१४३९-१ हा गुणक २.१ देते. म्हणजे २६.७ किलोअँपिअरच्या दोषाचे शिखर ५६ किलोअँपिअर होते. हवेचे निरोधन असलेल्या बसडक्टमध्ये दोन पट्ट्यांतील अंतर ५० मिलिमीटर धरले, तर त्या क्षणी दर मीटर लांबीवर सुमारे १२,५०० न्यूटन, म्हणजे सव्वा टनाहून थोडे अधिक बल पडते. पट्ट्यांचे आधार हे बल सहन करण्याजोगे नसतील तर पट्ट्या वाकतात आणि ठिणगीचा दोष शेजारच्या पट्टीवर पसरतो. सँडविच प्रकारात पट्ट्या पातळ निरोधक थरासह एकमेकांवर दाबून बसविलेल्या असतात. तेथे हे बल पेटीच्या भिंती आणि बोल्ट पेलतात.

यामुळे बसडक्टच्या नामपट्टिकेवर दोन आकडे पाहावे लागतात. एक अल्पकाल सहनक्षमतेचा, जो बहुधा एका सेकंदासाठी दिलेला असतो, आणि दुसरा शिखर सहनक्षमतेचा. केवळ "१००० अँपिअर" असे लिहिलेले असेल, तर दोषाच्या वेळी काय होईल हे त्यावरून कळत नाही.

## चोवीस मजल्यांचे उदाहरण

प्रत्येक मजल्यावर चार सदनिका असलेली २४ मजल्यांची निवासी इमारत घेऊ. विविधता गुणक लावल्यावर रायझरवरील भार ५५० केव्हीए येतो असे धरू. ४१५ व्होल्टला ही धारा सुमारे ७६५ अँपिअर होते. रोहित्र वर सांगितलेलेच आहे. मुख्य फलकापासून शाफ्टपर्यंतचे आडवे अंतर २५ मीटर आणि शाफ्टची उंची ७५ मीटर आहे.

पहिल्या पर्यायात १००० अँपिअरचा ॲल्युमिनियम सँडविच बसडक्ट आहे. त्याचा दर मीटर रोध ०.०७ मिलिओम आणि प्रतिघात ०.०२५ मिलिओम मानू. प्रत्यक्ष आकडे उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावे लागतात. दुसऱ्या पर्यायात प्रत्येक मजल्याला ७० चौरस मिलिमीटरची स्वतंत्र ॲल्युमिनियम केबल आहे, म्हणजे शाफ्टच्या तळाशी २४ केबली आहेत. अशा केबलीचा रोध थंड स्थितीत दर मीटर सुमारे ०.४४ मिलिओम, म्हणजे बसडक्टच्या सहापटीहून अधिक असतो.

रोहित्राचा स्वतःचा संरोध साडेनऊ मिलिओमपेक्षा थोडा कमी आहे. त्यात वाहिनीचा संरोध मिळवून त्रिफेज दोषप्रवाह काढला असता पुढील चित्र दिसते.

| दोषाचे ठिकाण | बसडक्ट | मजल्याची केबल |
|---|---|---|
| मुख्य फलक | २६.७ किलोअँपिअर | २६.७ किलोअँपिअर |
| पहिला मजला | सुमारे २४ किलोअँपिअर | सुमारे १४ किलोअँपिअर |
| चोविसावा मजला | सुमारे १७.५ किलोअँपिअर | सुमारे ५ किलोअँपिअर |

या तक्त्यातून दोन्ही प्रणालींतील मूलभूत फरक स्पष्ट होतो. बसडक्टचा संरोध कमी असल्यामुळे व्होल्टपात कमी होतो. या उदाहरणात भार सर्व मजल्यांवर सारखा विभागलेला मानल्यास शेवटच्या मजल्यापर्यंतचा पात सुमारे ६ व्होल्ट, म्हणजे दीड टक्का येतो. परंतु त्याच गुणामुळे रोहित्राची दोषक्षमताही जवळजवळ तशीच वर पोहोचते. केबलीत दोषप्रवाह वाटेतच क्षीण होत जातो.

याचा परिणाम मजल्यावरील साधनांवर होतो. बसडक्ट घेतल्यास पहिल्या मजल्याच्या टॅप-ऑफ बॉक्समधील एमसीसीबीला २४ किलोअँपिअर तोडता आले पाहिजेत. २५ किलोअँपिअरचा खंडक कागदावर पुरतो, पण रोहित्राच्या संरोधातील उत्पादन-सूट आणि गणितातील गृहीतके पाहता ३५ किंवा ३६ किलोअँपिअरचा घेणे शहाणपणाचे ठरते. वरच्या मजल्यांना कमी क्षमतेचा चालेल. तरीही सर्व मजल्यांवर एकच प्रकार ठेवण्याची पद्धत चांगली आहे, कारण काही वर्षांनी बिघडलेला खंडक बदलताना तो कोणत्या मजल्यासाठी आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मजल्यावरील फलकापासून सदनिकेपर्यंत १० चौरस मिलिमीटर तांब्याची १५ मीटर तार असेल, तर सदनिकेतील फेज-न्यूट्रल दोष दोन्ही पर्यायांत ४ किलोअँपिअरच्या आसपास किंवा त्याखाली येतो. त्यामुळे तेथील १० किलोअँपिअरची एमसीबी पुरेशी असते.

केबलीच्या पर्यायात प्रश्न मुख्य फलकाजवळ उभा राहतो. तेथे केबलीच्या पहिल्या मीटरवरच दोष झाला, तर पूर्ण २६.७ किलोअँपिअर वाहतात. फलकातील एमसीसीबीने हा दोष ०.०२ सेकंदात तोडला, तर वरील सूत्रानुसार सुमारे ४० चौरस मिलिमीटर छेदक्षेत्र लागते आणि ७० ची केबल सुरक्षित राहते. मात्र निवडक्षमता साधण्यासाठी कोणी त्या खंडकाला ०.३ सेकंदाचा विलंब लावला, तर आवश्यक छेदक्षेत्र सुमारे १५६ चौरस मिलिमीटर होते आणि ७० ची केबल जळते. रायझर केबलीच्या खंडकाला हेतुतः विलंब द्यायचा असेल, तर केबलीचा आकार भारावरून न ठरवता या सूत्रावरून ठरवावा लागतो. याउलट, एका सेकंदाची सहनक्षमता असलेल्या बसडक्टच्या मुख्य खंडकाला असा विलंब देता येतो. त्यामुळे एका मजल्यावरील दोषाने फक्त त्या मजल्याचा खंडक पडतो आणि बाकी इमारत चालू राहते. बसडक्टचा हा मोठा फायदा आहे.

आणखी एक सापळा समांतर रोहित्रांचा आहे. वरील इमारतीत भविष्यात दुसरे १००० केव्हीएचे रोहित्र बसविले आणि बस-कपलर बंद ठेवून दोन्ही समांतर चालविली, तर फलकावरील दोषप्रवाह ५३ किलोअँपिअरच्या वर जातो. ३५ किलोअँपिअर सहनक्षमतेचा बसडक्ट आणि ३६ किलोअँपिअरचे टॅप-ऑफ त्या दिवसापासून अपुरे पडतात, आणि तसे दर्शविणारी कोणतीही बाह्य खूण नसते. म्हणून दोन आवक खंडक आणि कपलर यांपैकी एका वेळी दोनच बंद होतील असे आंतरबंधन ठेवतात, किंवा आरंभीच ५३ किलोअँपिअर धरून निवड करतात.

## अग्निरोध

शाफ्ट हा इमारतीच्या उंचीइतका धुराडा असतो. मजल्यामजल्यावरची भोके उघडी असतील, तर खालच्या मजल्यावरची आग आणि त्याहून आधी धूर वर चढतो. त्यामुळे रायझर स्लॅबमधून जेथे जातो तेथे अग्निरोधक भरण करतात. त्याच्या चाचणीत दोन गोष्टी पाहिल्या जातात : ज्वाला आणि उष्ण वायू पलीकडे जाऊ नयेत, आणि पलीकडच्या बाजूचे तापमान आरंभीच्या तापमानापेक्षा सरासरी १४० अंश किंवा कोणत्याही एका जागी १८० अंशांहून अधिक वाढू नये. पहिली कसोटी अखंडतेची, दुसरी उष्णतारोधाची.

चाचणीभट्टीचे तापमान आयएसओ ८३४ च्या आलेखानुसार वाढत जाते. ते अर्ध्या तासाला सुमारे ८४० अंश आणि दोन तासांना सुमारे १०५० अंश सेल्सिअस असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. म्हणजे आगीच्या बाजूचा बसडक्ट अर्ध्या तासाच्या आतच वितळू शकतो. आगीत तो वीज देत राहावा ही अपेक्षा येथे नसते. स्लॅबच्या जाडीतील भाग भोक बंद ठेवील का, एवढाच प्रश्न असतो.

### बसडक्टचे भरण

बसडक्टची बाहेरची बाजू आणि स्लॅब यांमधील फट भरणे तुलनेने सोपे आहे. भोक एक, आयताकृती आणि कायमचे असते. अडचण आतल्या बाजूची आहे. हवेच्या निरोधनाच्या बसडक्टमध्ये पट्ट्यांभोवती मोकळी जागा असते आणि बाहेरून कितीही उत्तम भरण केले, तरी पेटीच्या आतून धूर वर जातो. आयईसी ६०३६४-५-५२ हे मानक म्हणूनच आतील आणि बाहेरील अशा दोन्ही भरणांची अपेक्षा करते. उत्पादक यासाठी आत अग्निरोधक भरलेला विशेष तुकडा देतात. तो नेमका स्लॅबच्या पातळीवर यावा लागतो.

येथेच जागेवर गफलत होते. बसडक्टचे तुकडे कारखान्यात मोजमापाने बनतात. मजल्याची उंची नकाशात ३.१ मीटर आणि प्रत्यक्षात एका-दोन मजल्यांवर थोडी वेगळी असेल, तर वर जाता जाता फरक साचत जातो. मग अग्निरोधक भाग स्लॅबच्या वर किंवा खाली राहतो, आणि काही वेळा दोन तुकड्यांचा सांधाच स्लॅबमध्ये येतो. स्लॅबमध्ये अडकलेला सांधा पुन्हा कसता येत नाही आणि तपासताही येत नाही. म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी प्रत्येक मजल्याची उंची प्रत्यक्ष मोजून घेतात.

सँडविच बसडक्टमध्ये आत हवा जवळजवळ नसल्याने धुराड्याचा धोका कमी असतो. पण काही रचनांत पेटीच्या पंखांमध्ये पोकळी असते, आणि धातूची पेटी उष्णता वर वाहून नेते. त्यामुळे चाचणीचे प्रमाणपत्र त्याच प्रकारच्या बसडक्टचे, त्याच आकाराचे आणि प्रत्यक्षाहून अधिक जाड नसलेल्या स्लॅबवर घेतलेले आहे का, हे पाहावे लागते. जाड स्लॅबवर मिळालेले दोन तास पातळ स्लॅबवर आपोआप मिळत नाहीत.

### केबलींचे भरण

केबली भरीव असतात, पण त्यांच्या जुडग्यात फटी राहतात. चोवीस केबली एकमेकींना चिकटून ट्रेवर बांधल्या असतील, तर लेप बाहेरच्या केबलींनाच लागतो आणि मधल्या फटी कोरड्या राहतात. त्यांत केबली जळू लागल्या की निरोधन आक्रसते आणि भोक मोठे होते. म्हणून भरणात आगीत फुगणारे द्रव्य, म्हणजे इंट्यूमेसंट, वापरतात. ते तापल्यावर फुगून ही जागा व्यापते. खनिज लोकरीचा फळा आणि त्यावर लेप, विशेष मॉर्टर किंवा अग्निरोधक पिशव्या हे प्रचलित प्रकार आहेत. गवंड्याने वाळू-सिमेंट थापून भोक बुजविणे सर्रास दिसते. ते केबलींच्या तापण्या-थंड होण्याने भेगाळते आणि नवी केबल टाकताना फोडले जाते.

हीच केबल पर्यायाची खरी दुर्बलता आहे. भरण एकदा नीट केले तरी ते टिकत नाही. इमारतीच्या आयुष्यात कोणी इंटरनेटची तार, कोणी सीसीटीव्हीची तार, कोणी एसीसाठी वाढीव केबल त्याच भोकातून ओढतो आणि भोक पुन्हा बंद करीत नाही. ही उणीव ओळखण्याची साधी रीत म्हणजे खालच्या मजल्याच्या शाफ्टमध्ये विजेरी लावून वरच्या मजल्याच्या शाफ्टमध्ये अंधारात पाहणे. प्रकाश दिसला, तर धूरही येणार. मात्र प्रकाश न दिसणे हा अग्निरोधाचा पुरावा नव्हे, कारण थर्माकोलचा किंवा साध्या फोमचा तुकडाही प्रकाश अडवतो.

केबलींच्या आवरणामुळे शाफ्टमध्ये जळाऊ पदार्थही वाढतात. कमी धुराची एफआरएलएस किंवा हॅलोजनरहित आवरणे ज्वाला पसरण्याचा वेग आणि धूर कमी करतात, परंतु ती आगीत वीज चालू ठेवण्यासाठी नसतात. त्यासाठी आयईसी ६०३३१ नुसार परिपथ-अखंडता चाचणी झालेल्या वेगळ्या केबली असतात.

## आपत्कालीन भार

अग्निशमन पंप, अग्निशामक लिफ्ट, जिन्यातील हवादाब पंखे आणि आपत्कालीन दिवे यांचा पुरवठा सदनिकांच्या बसडक्टवरून घेऊ नये. त्यांच्यासाठी आगीत टिकणाऱ्या केबली आणि शक्यतो वेगळा शाफ्ट ठेवतात. यामागचे कारण अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या आगीत स्पष्ट झाले. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी बाविसाव्या मजल्यावर लागलेली आग विद्युत कक्षात शिरली. नेहमीच्या आणि पर्यायी पुरवठ्याच्या वाहिन्या एकाच मार्गाने जात असल्याने दोन्ही निकामी झाल्या. इमारत अंधारात गेली, लिफ्ट थांबल्या आणि जवानांना साहित्यासह जिने चढावे लागले. या आगीत तीन अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला. तिसाव्या मजल्यावरील तुषार यंत्रणेने अखेरीस आग रोखली. दोन स्वतंत्र पुरवठे असणे आणि ते स्वतंत्र मार्गाने जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

## निवड

ढोबळमानाने रायझरची धारा ४०० अँपिअरच्या खाली आणि मजले आठ-दहा असतील, तर केबल स्वस्त व पुरेशी ठरते. त्यापुढे शाफ्टची जागा, भोकांची संख्या आणि निवडक्षमता यांमुळे पारडे बसडक्टकडे झुकते. वरील चोवीस मजल्यांच्या उदाहरणात बसडक्ट योग्य आहे. मात्र एक अट वीज वितरण कंपनीची असते. सर्व मीटर तळमजल्यावरील मीटर खोलीत ठेवायचे असतील, तर प्रत्येक सदनिकेची तार तेथूनच वर जाते आणि बसडक्टला कामच उरत नाही. मीटर मजल्यांवर बसविण्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

बसडक्टची स्वतःची उणीव अशी की त्यात दोष झाला, तर त्यावरील सर्व मजले एकदम अंधारात जातात. केबलीतील दोषाने एकच मजला जातो. बसडक्टचा सर्वांत सामान्य शत्रू पाणी आहे : बांधकाम चालू असताना स्लॅबवर मारलेले पाणी, शौचालयाची गळती, किंवा शाफ्टला लागून असलेला फुटका नळ. पाणी सांध्यात शिरते आणि निरोधन-रोध घसरतो. त्यामुळे प्रत्येक तुकडा जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर मेगरने रोध मोजून नोंदवितात. सर्व चोवीस मजले जोडल्यावर वाचन कमी आले, तर ओला तुकडा शोधण्यासाठी सांधे एकेक करून सोडवावे लागतात. शाफ्टच्या भोकाभोवती प्रत्येक मजल्यावर ५० ते ७५ मिलिमीटर उंचीचा काँक्रीटचा उंबरा केल्यास यातील बहुतेक पाणी बाहेरच अडते.

सैल सांधा ही दुसरी नेहमीची तक्रार. उत्पादकाने सांगितलेल्या आघूर्णाने बोल्ट न कसल्यास संपर्करोध वाढतो, सांधा तापतो आणि तापण्याने आणखी सैल होतो. वार्षिक तपासणीत भार पुरेसा असताना, म्हणजे शक्यतो उन्हाळ्यातील संध्याकाळी, अवरक्त कॅमेऱ्याने सर्व सांधे पाहतात. एकसारखी धारा वाहणाऱ्या शेजारच्या सांध्यांपेक्षा एखादा सांधा स्पष्टपणे अधिक तापलेला दिसला, तर पुरवठा बंद करून तो उघडतात.

उभ्या बसडक्टला तापमानानुसार लांबी बदलण्याची मोकळीकही हवी असते. ७५ मीटर ॲल्युमिनियम ५० अंशांनी तापल्यास सुमारे ८७ मिलिमीटर वाढते. त्यासाठी मजल्यांवर स्प्रिंगचे आधार आणि ठरावीक अंतरावर प्रसरण-तुकडे देतात. अग्निरोधक भरण कडक मॉर्टरने केले आणि ही हालचाल अडली, तर ताण सांध्यांवर येतो. म्हणून बसडक्टभोवतीची फट लवचीक अग्निरोधक द्रव्याने भरणे अधिक योग्य ठरते.